दुकानातल्या कार्ड मशीनवर एकाच बिलाचे दोनदा पैसे कटले तर बँकेला पत्र कसं लिहायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खात्यात दोन एंट्री दिसतायत, लगेच पत्र लिहायला बसू का?

आधी त्या दोन एंट्री नीट बघा. दोन्ही पक्क्या झाल्यात की एक पेंडिंग आहे? ॲपमध्ये बहुतेक वेळा पेंडिंग एंट्री वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या यादीत असते, आणि छापील स्टेटमेंटमध्ये ती येतच नाही. पेंडिंग म्हणजे बँकेने तेवढी रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते, दुकानाकडून पक्की मागणी आली की ती जाते, आणि मागणी आलीच नाही तर काही दिवसांनी आपोआप मोकळी होते. त्यामुळे एक पक्की आणि एक पेंडिंग असेल तर साधारण आठवडाभर थांबायला हरकत नाही, फक्त तोपर्यंत त्या एंट्रीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पेंडिंग गायब झाली की तिचा मागमूस राहत नाही, आणि पेंडिंगची पक्की झाली तर तारीख बदलून दिसू शकते.

दोन्ही पक्क्या असतील तर थांबण्यात काही अर्थ नाही, पत्र द्या. आणि डेबिट कार्डावर पिन टाकून केलेल्या व्यवहारात बऱ्याचदा पेंडिंग हा टप्पाच दिसत नाही, पैसे थेट खात्यातून जातात, तिथे तर वाट बघूच नका.

असं होतं तरी कसं? मशीनने तर "फेल" दाखवलं होतं.

सगळ्यात जास्त वेळा होणारा प्रकार सांगते. तुम्ही कार्ड घातलं, पिन टाकला, मशीनने ती विनंती तुमच्या बँकेपर्यंत पोचवली, बँकेने "हो" म्हणून पैसे वजा केले, आणि ते "हो" परत मशीनपर्यंत यायच्या आत नेटवर्क गेलं. मशीनला उत्तर मिळालंच नाही म्हणून ते टाइमआउट दाखवतं, स्लिप निघत नाही, दुकानदार म्हणतो परत करू. दुसऱ्यांदा व्यवस्थित होतं. दुकानदार खोटं बोलत नसतो आणि मशीनही खोटं बोलत नसतं, त्याला खरंच माहीत नसतं की पहिल्या वेळी पैसे कटलेत.

यावर उपाय मशीनमध्येच असतो. उत्तर आलं नाही की मशीन स्वतःहून "तो आधीचा व्यवहार रद्द करा" असा निरोप तयार करतं, त्याला रिव्हर्सल म्हणतात. पण नेटवर्कच नसेल तर हा निरोप मशीनमध्येच अडकून राहतो आणि पुढच्या वेळी मशीन सर्व्हरशी जोडलं गेलं की आधी तो जातो. आता दुकानदाराने पहिलं मशीन बाजूला ठेवून दुसऱ्या मशीनवर तुमचं कार्ड घेतलं, पहिलं बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलं, तर रद्द करण्याचा निरोप त्या ड्रॉवरमध्येच पडून! म्हणून दुकानात असतानाच लक्षात आलं तर दुकानदाराला एवढंच सांगा की ते पहिलं मशीन चालू करून, रेंजमध्ये आणून त्याच्यावर सेटलमेंट करा, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा हिशेब मशीनवरून सर्व्हरला पाठवा. कधी कधी तेवढ्यावरच काम होतं.

दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही वेळा व्यवहार पूर्ण झाला, दोन स्लिपा निघाल्या, कारण काउंटरवरच्या माणसाला पहिली झाल्याचं कळलं नाही. तिसरा प्रकार कमी होतो पण होतो: कार्ड एकदाच लागलं, पण दिवसभराच्या व्यवहारांची बॅच सर्व्हरला दोनदा गेली.

या तीन प्रकारांतला माझा कोणता, हे मला कसं कळणार?

नंबरांवरून कळतं, आणि पत्रातही सगळ्यात महत्त्वाचे हे नंबरच असतात.

प्रत्येक व्यवहाराला एक 12 अंकी आरआरएन असतो, स्लिपवर RRN असं छापलेलं असतं, आणि बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये त्या एंट्रीवर दाबलं की दिसतो. सोबत एक 6 अक्षरी अप्रूव्हल कोड असतो, तो बँकेने "हो" म्हटल्याचा पुरावा. स्लिपवर मशीनचा नंबर म्हणजे TID आणि दुकानाचा नंबर म्हणजे MID पण असतो.

दोन्ही एंट्रींचे आरआरएन आणि अप्रूव्हल कोड वेगवेगळे असतील तर बँकेने दोनदा "हो" म्हटलंय, म्हणजे कार्ड खरंच दोनदा लागलंय (पहिला किंवा दुसरा प्रकार, स्लिप एक का दोन यावरून ठरवा). दोन्ही एंट्रींवर अप्रूव्हल कोड एकच असेल तर बँकेने एकदाच "हो" म्हटलंय आणि वसुली दोनदा झालीय, म्हणजे बॅचचा घोळ. ही गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलीत तर तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं.

पहिल्या वेळी स्लिपच निघाली नाही, मग त्याचा आरआरएन कुठून आणू?

ॲपमध्ये त्या एंट्रीचे डिटेल्स उघडून बघा, नाहीतर बँकेच्या मेसेजमध्ये रेफरन्स नंबर असतो का ते बघा. तिथेही नसेल तर कस्टमर केअरला फोन करून "या वेळेच्या, या रकमेच्या दोन्ही व्यवहारांचे आरआरएन सांगा" असं विचारा, त्यांच्या स्क्रीनवर ते असतात.

नंबर कसा वाचायचा हेही थोडं सांगते, कारण त्याचा उपयोग होतो. बऱ्याच सिस्टिममध्ये आरआरएनचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो, पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस, त्यापुढचे दोन तासाचे, आणि उरलेले सहा म्हणजे व्यवहाराचा चालू क्रमांक. समजा नंबर 507119004511 आहे: 5 म्हणजे 2025, 071 म्हणजे वर्षातला 71वा दिवस म्हणजे 12 मार्च, आणि 19 म्हणजे संध्याकाळी सातचा तास. तास सर्व्हरच्या घड्याळाचा असू शकतो म्हणून त्यावर भांडू नका, आणि सगळीकडे हीच पद्धत असते असंही नाही, पण दोन नंबर शेजारी ठेवले की एकाच दिवसाचे आहेत का हे पटकन दिसतं. दुसरी एंट्री आदल्या दिवशीच्या खरेदीची निघाली तर ती डुप्लिकेट नाहीच, हे पत्र देण्याआधी कळलेलं बरं.

आधी दुकानदाराकडे जाऊ की बँकेकडे?

दुकान जवळ असेल आणि तोच दिवस असेल तर आधी दुकानदार. बॅच सेटल होण्याआधी तो जास्तीचा व्यवहार व्हॉइड म्हणजे मशीनवरच रद्द करू शकतो. बॅच एकदा गेली की व्हॉइड होत नाही, मग रिफंड करावा लागतो आणि त्याला काही दिवस लागतात.

पण दुकानदाराकडून खरी मागायची गोष्ट म्हणजे त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट. दोन मशीन वापरली असतील तर दोन्हींचा. या रिपोर्टमध्ये तुमची रक्कम एकदा आहे की दोनदा, यावर पुढचं सगळं ठरतं. दोनदा असेल तर पैसे दुकानाला दोनदा मिळालेत किंवा मिळणार आहेत, मग त्याने रिफंड द्यायचा. एकदाच असेल तर दुकानदार म्हणतो "मला एकदाच आले" ते खरं आहे, आणि जास्तीची रक्कम तुमची बँक आणि मशीन देणारी बँक यांच्या हिशेबात कुठेतरी पडलीय. तिथे दुकानदाराशी वाद घालून काही मिळणार नाही, त्याच्याकडून फक्त दोन ओळी लिहून घ्या: या तारखेला या ग्राहकाचं एकच बिल झालं, बिल नंबर अमुक, आम्हाला एकच रक्कम मिळाली. सही, शिक्का, MID. हा कागद बँकेत फार उपयोगी पडतो.

दुकानदार काहीच द्यायला तयार नसेल तरी अडून बसू नका. पत्र त्याशिवायही चालतं, फक्त "दुकानदाराकडे अमुक तारखेला मागितलं, दिलं नाही" असं त्यात लिहा.

पत्रात नेमकं काय लिहायचं? नमुना मिळेल का?

हा घ्या. यात वर सांगितलेलीच केस धरलीय: पहिल्या मशीनवर टाइमआउट, स्लिप नाही, मग दुसऱ्या मशीनवर पेमेंट झालं. यातला चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने मशीन देणाऱ्या बँकेकडे रक्कम परत मागणं.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (बँकेचं नाव, शाखा)
>
> दिनांक: 18 मार्च 2025
>
> विषय: दुकानातील कार्ड मशीनवर एकाच बिलापोटी दोनदा वजा झालेल्या रकमेपैकी एक रक्कम परत मिळण्याबाबत
>
> महोदय / महोदया,
>
> माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे (खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक: ____, डेबिट कार्डाचे शेवटचे चार अंक: ____).
>
> दिनांक 12 मार्च 2025 रोजी (दुकानाचे नाव) येथे मी 2,340 इतक्या रकमेची एकच खरेदी केली (बिल क्र. ____). पहिल्या मशीनवर कार्ड घालून पिन दिल्यावर मशीनने टाइमआउट दाखवले व स्लिप निघाली नाही. त्यानंतर दुकानातील दुसऱ्या मशीनवर पेमेंट केले, ते यशस्वी झाले व स्लिप मिळाली. माझ्या खात्यातून मात्र 2,340 ही रक्कम दोनदा वजा झाली आहे:
>
> 1) सायं. 7.42, आरआरएन 507119004511, अप्रूव्हल कोड 384102. स्लिप नाही. ही रक्कम परत हवी आहे.
> 2) सायं. 7.45, आरआरएन 507119118236, अप्रूव्हल कोड 384377. स्लिप जोडली आहे. हा व्यवहार बरोबर आहे.
>
> दोन्ही वेळा कार्ड मीच वापरले आहे. माझी तक्रार अनधिकृत व्यवहाराची नसून एकाच खरेदीची रक्कम दोनदा वजा झाल्याची आहे. दुकानदाराच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये ही रक्कम एकदाच दिसते, त्याची प्रत जोडली आहे.
>
> तरी क्र. 1 ची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, आवश्यक असल्यास मशीन देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक दाखल करावा, आणि तक्रार क्रमांक व उत्तर मिळण्याची अपेक्षित तारीख लेखी कळवावी, ही विनंती.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (सही, नाव, संपर्क)
>
> सोबत: बिल, स्लिप, खात्याच्या उताऱ्याची प्रत (दोन्ही एंट्री अधोरेखित), दुकानदाराचे पत्र, सेटलमेंट रिपोर्ट

"ही परत हवी" आणि "ही बरोबर" असं वेगळं का लिहायचं? रक्कम तर दोन्हींची सारखीच आहे.

कारण बँकेत दोन एंट्री म्हणजे दोन वेगळी प्रकरणं. नुसतं "दोनदा पैसे कटले, एक परत करा" लिहिलं तर तपासणारा बहुतेक वेळा दुसरी एंट्री उचलतो, नंतरची म्हणजे जास्तीची असं समजून. आपल्या केसमध्ये दुसरी तर खरी आहे, तिची स्लिप आहे, दुकानाला पैसे मिळालेत. तिच्यावर वाद घातला की दुकान स्लिप दाखवतं आणि तुमची तक्रार फेटाळली जाते, जास्तीची पहिली एंट्री मात्र तशीच राहते! कोणती स्लिप तुमच्याकडे आहे आणि कोणती नाही, यावरून बोट ठेवा.

दोन्ही स्लिपा असतील, दोन्ही दुकानाच्या रिपोर्टमध्ये असतील, तर कोणतीही एक चालते, पण तरीही एक ठरवून लिहा.

"अनधिकृत व्यवहार नाही" हे स्वतःहून लिहायची काय गरज?

हे वाक्य काढू नका, खरंच. लोक रागात "मी हा व्यवहार केलेलाच नाही" असं लिहून जातात किंवा फोनवर तसं बोलतात. मग तक्रार फ्रॉडच्या खात्यात जाते, कार्ड ब्लॉक होतं, नवीन कार्ड येईपर्यंत तुम्ही अडकता, आणि तपासात निघतं की चिप वाचली गेलीय, पिन बरोबर टाकलाय, म्हणजे ग्राहकानेच केलंय, तक्रार बंद. डुप्लिकेटचा रस्ता वेगळा आहे. व्हिसाच्या नियमात त्याला 12.6.1 असा स्वतंत्र कोड आहे, मास्टरकार्डमध्ये ते 4834 मध्ये येतं. तुम्हाला कोड लिहायची गरज नाही, तो बँक लावते, पण तुमच्या शब्दांवरूनच लावते.

मशीन फेल झालं म्हणून मी रोख पैसे दिले, आणि नंतर कार्डातूनही कटले. हे डुप्लिकेटच ना?

तुमच्यासाठी तेच, बँकेसाठी थोडं वेगळं. कार्डावर एंट्री एकच आहे, त्यामुळे "दोनदा वजा" असं लिहिलंत तर बँकेला दुसरी सापडणार नाही. इथे "याच बिलाचे पैसे दुसऱ्या मार्गाने दिले" असं लिहायचं (व्हिसाचा 12.6.2). आणि रोख दिल्याचा पुरावा लागतो, म्हणजे ज्या बिलावर पेमेंट रोख असं छापलंय ते बिल. म्हणून अशा वेळी बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडूच नका.

मी फोन टेकवून पेमेंट केलं होतं, स्लिपवरचे शेवटचे चार अंक माझ्या कार्डाशी जुळत नाहीत.

घाबरू नका, असं होतं. फोनमध्ये कार्डाचा खरा नंबर वापरला जात नाही, त्याच्याऐवजी एक वेगळा नंबर असतो आणि स्लिपवर त्याचे शेवटचे चार अंक येऊ शकतात. फोनच्या वॉलेटमध्ये कार्डाच्या माहितीत तो दिसतो. पत्रात दोन्ही लिहा: कार्डाचे चार आणि स्लिपवरचे चार, आणि पेमेंट फोनने केलं हे पण.

कार्डाचा पूर्ण नंबर द्यावा लागतो का?

नाही. शेवटचे चार अंक आणि आरआरएन पुरतात. सीव्हीव्ही, पिन, ओटीपी कुठेही लिहायचं नाही, तक्रारीच्या नावाने फोन करून कोणी मागितलं तर फोन ठेवून द्या. व्यवहार शोधायला यातलं काहीच लागत नाही.

पत्र कुठे द्यायचं? फोनवर तक्रार केली तर चालणार नाही का?

फोनवर किंवा ॲपवर आधी नोंदवा, म्हणजे त्या तारखेची नोंद होते, आणि मग त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून पत्र द्या. शाखेत दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ईमेल केलंत तर विषयात तक्रार क्रमांक टाका आणि कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा, दहा वेगळे फोटो पाठवले की त्यातला एखादा हमखास सुटतो. क्रेडिट कार्ड असेल तर शाखेला त्यात फार काही करता येत नाही, कार्ड विभागाच्या पत्त्यावर पाठवा.

किती दिवसांत करायला हवं?

पहिल्याच आठवड्यात करा असं माझं म्हणणं आहे. कार्ड कंपन्यांच्या नियमात बँकेला डुप्लिकेटचा वाद दाखल करायला व्हिसामध्ये 120 दिवस आणि मास्टरकार्डमध्ये 90 दिवस मिळतात, पण ही मुदत बँकेची आहे, तुमची नाही. तुम्ही 85व्या दिवशी पत्र नेऊन दिलंत तर बँकेला कागद तपासायलाच वेळ उरत नाही. शिवाय मधल्या काळात थर्मल कागदावरची स्लिप पुसट होत जाते, म्हणून ती मिळाल्याबरोबर फोटो काढा.

बँकेने पैसे जमा केले, पण "तात्पुरते" असं लिहिलंय. म्हणजे काय?

म्हणजे तपास अजून चालू आहे. बँक आधी तुम्हाला रक्कम देते आणि मशीनच्या बँकेकडे मागणी लावते. दुकानाने "या दोन वेगळ्या खरेद्या होत्या" असं दोन बिलांसह सिद्ध केलं तर ती रक्कम परत काढली जाते. म्हणून प्रकरण बंद झाल्याचं लेखी येईपर्यंत ती खर्च न केलेली बरी, नाहीतर हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी पडायचे.

दुकानदारानेही रिफंड केला आणि बँकेनेही दिले. आता?

बँकेला लगेच कळवा की रिफंड अमुक तारखेला आलाय, तक्रार मागे घेतो. गप्प बसलात तर दुकानाचे तेवढे पैसे विनाकारण जातात, आणि ते रिफंडची पावती दाखवणारच, मग बँक तुमच्याकडून वसूल करते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीकडे संशयाने बघितलं जातं. हे टाळायचं असेल तर दुकानदाराने रिफंड करायचं कबूल केल्यावर त्याच्याकडून रिफंडची स्लिप घ्या, तो जमा व्हायला लागणारे दिवस जाऊ द्या, आणि नाही आला तरच बँकेकडे जा, ती स्लिप जोडून.

बँकेने उत्तर दिलं की "व्यवहार यशस्वी आहे, रक्कम परत करता येत नाही". आता काय करू?

हे उत्तर फार वेळा येतं आणि बऱ्याचदा ते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर असतं. बँकेने फक्त आपल्याकडचं बघितलेलं असतं: आमच्याकडून "हो" गेलं, पैसे गेले, यशस्वी. दुकानापर्यंत पोचले का, हे तिने विचारलेलंच नसतं. तेव्हा दुसरं पत्र छोटं लिहा, जुनं परत पाठवू नका. त्यात तीनच गोष्टी मागा: क्र. 1 च्या आरआरएनची दुकानाकडे असलेली स्लिपची प्रत, ती रक्कम दुकानाच्या कोणत्या बॅचमध्ये जमा झाली त्याची तारीख, आणि चार्जबॅक दाखल केला होता का, केला असेल तर कधी. टाइमआउटच्या केसमध्ये पहिल्या दोन गोष्टी कोणीच देऊ शकत नाही, कारण त्या अस्तित्वातच नसतात, आणि तिथेच प्रकरण तुमच्या बाजूने वळतं.

तरीही नाहीच म्हणाले तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर तुमच्या देशात बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेकडे किंवा लोकपालाकडे जाता येतं. तिथे आधी बँकेला लेखी कळवल्याचा पुरावा मागतात आणि तक्रारीला मुदतही असते. शाखेतली पोच, तक्रार क्रमांक, बँकेचं नकाराचं उत्तर आणि दोन्ही पत्रं तारखेच्या क्रमाने लावून द्या, वर एका पानावर फक्त दोन आरआरएन आणि त्यातला कोणता परत हवा ते लिहा.